गूगलवर २४, काउंटरवर २३.८५: दुबईहून घरी पैसे पाठवताना मधले पैसे जातात कुठे?

मी शारजात राहतो, गाव चिपळूणकडचं, आणि आमच्या खोलीत महिन्याच्या एक-दोन तारखेला ठरलेला सीन असतो, पगार झाला की सगळे मोबाईल काढून रेट बघत बसतात. परवा खेडचा एक पोरगा, नवीनच आलाय, गूगल उघडून म्हणाला, "दादा, इथे एका दिरहमला २४ दाखवतंय आणि एक्स्चेंजवाला २३.८५ देतोय, वर २१ दिरहम फी पण घेतोय, हा फसवतोय का आपल्याला?" मी त्याला म्हटलं फसवत नाहीये, पण नेमके किती घेतोय ते तू अजून मोजलेलंच नाहीस. मग वहीवर त्याला सगळं मांडून दाखवलं, तेच इथे सविस्तर लिहितोय कारण हा प्रश्न प्रत्येक नवीन माणसाला पडतो आणि बरेचसे जुने लोक पण दहा-दहा वर्षं चुकीचा आकडा बघून पैसे पाठवतायत.

खालच्या हिशोबात मी गूगलचा रेट सगळीकडे २४ रुपये धरलाय, फक्त आकडेमोड सोपी व्हावी म्हणून. तुम्ही वाचाल त्या दिवशी रेट वेगळा असेल, तेव्हा आकडे बदला, पद्धत तीच ठेवा.

आधी हा गूगलचा रेट म्हणजे काय ते समजून घ्या

सोनाराकडे जुनं सोनं मोडायला गेलात तर एक भाव आणि नवीन घ्यायला गेलात तर दुसरा, हे आपल्याला घरात लहानपणापासून माहितीय. चलनाचं पण तसंच आहे. मोठ्या बँका दिवसभर आपसात डॉलर-रुपया घेत विकत असतात, त्यात कायम दोन भाव चालू असतात, एक घ्यायचा आणि एक विकायचा. ह्या दोन भावांच्या बरोबर मधला आकडा म्हणजे मिड मार्केट रेट, आणि गूगल किंवा करन्सीच्या साईट दाखवतात तो हाच. म्हणजे तो कुठल्या दुकानाचा भावच नाहीये, दोन भावांची सरासरी आहे, त्या आकड्यावर तुम्हाला रुपये देईन असं कोणी कबूल केलेलं नाही.

ह्या दोन भावांमधला फरक म्हणजे स्प्रेड. मोठ्या बँकांच्या आपसातल्या व्यवहारात नॉर्मल दिवशी डॉलरमागे हा फरक पैसा, अर्धा पैसा एवढाच असतो कारण तिथे एका सौद्यात लाखो डॉलर फिरतात. तोच डॉलर पुढे छोट्या गिऱ्हाईकाकडे येतो तसा फरक वाढत जातो, आणि तुम्ही मी तीन हजार दिरहम घेऊन काउंटरवर उभे राहतो तेव्हा साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो.

आता दिरहमची एक खास गोष्ट आहे जी इथल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, १९९७ पासून हा आकडा हललेला नाही. म्हणजे दिरहम-रुपया असा वेगळा काही बाजार तुम्हाला बघायची गरजच नाही. डॉलर-रुपयाचा रेट बघा आणि ३.६७२५ ने भागा, झाला तुमचा मिड रेट. डॉलर ८८.१४ असेल तर भागिले ३.६७२५ म्हणजे बरोबर २४ रुपये. मला ही ट्रिक फार उपयोगी पडते कारण काही ॲप रेटच्या शेजारी "मार्केट रेट" म्हणून स्वतःचाच एक आकडा दाखवतात आणि आमचा रेट त्याच्या किती जवळ आहे बघा म्हणतात, तो आकडा खरा आहे का हे ह्या एका भागाकारात दहा सेकंदात कळतं.

मग एक्स्चेंजवाला २४ का देत नाही

कारण त्यालाच २४ मिळत नाहीत. तुम्ही काउंटरवर दिरहम दिलेत आणि तासाभरात आईच्या खात्यात रुपये पडले, तर तुमचे दिरहम काही समुद्र ओलांडून गेलेले नसतात. एक्स्चेंजने भारतातल्या एका बँकेत आधीच रुपयांचं खातं उघडून ठेवलेलं असतं, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ह्या व्यवस्थेला रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट म्हणतात, आणि त्या खात्यात रुपये आधीपासून भरून ठेवलेले असतात. तुम्ही इथे दिरहम दिलेत की तिकडे त्या साठ्यातून रुपये सुटतात. तो साठा भरायला एक्स्चेंज डॉलर विकून रुपये घेतं, आणि ते घेताना भारतातली बँक स्वतःचं मार्जिन लावूनच रेट देते. म्हणजे तुमच्यापर्यंत यायच्या आधीच २४ चे थोडे कमी झालेले असतात. त्यावर साठ्यात अडकलेला पैसा, दुकानाचं भाडं, काउंटरवरची माणसं, केवायसीची तपासणी, आणि त्यांचा नफा. हे सगळं मिळून २४ आणि २३.८५ मधले १५ पैसे. डॉलरच्या भाषेत हे १५ पैसे म्हणजे डॉलरमागे ५५ पैसे होतात, बँकांच्या आपसातल्या पैसा-अर्ध्या पैशाच्या तुलनेत किती मोठे ते बघा.

ह्या साठ्यामुळे अजून एक गोष्ट होते जी बघितली सगळ्यांनी असते पण कारण माहीत नसतं. रुपया अचानक पडला, बातम्यांत डॉलर महागला असं आलं, आपण आनंदाने एक्स्चेंजवर धावतो आणि तिथे बोर्डावर रेट जवळपास कालचाच. कारण त्याच्याकडे जो साठा आहे तो काल महाग रुपयाने भरलेला, तो लगेच स्वस्तात द्यायला तयार होत नाही. उलट रुपया वधारला की बोर्ड लगेच खाली येतो कारण संपलेला साठा पुन्हा भरायला आता जास्त डॉलर लागणार असतात. म्हणून रुपया पडल्याच्या दिवशी सकाळी गर्दी करण्यापेक्षा दोन-चार ठिकाणचे रेट बघा, अशा दिवशी वेगवेगळ्या एक्स्चेंजच्या रेटमध्ये नेहमीपेक्षा जास्त फरक सापडतो, कोणी साठा नुकताच भरला असतो कोणी नाही.

आता मोजायचं कसं, पायरी पायरीने

पहिली पायरी, रेट विचारणं बंद करा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सवय मोडायला वेळ लागतो. काउंटरवर किंवा ॲपवर एकच प्रश्न: माझ्या हातचे एकूण ३००० दिरहम गेले, फी-व्हॅट सगळं त्यातच धरून, तर भारतातल्या खात्यात किती रुपये पडतील? रेट चांगला ठेवून फी वाढवता येते, फी शून्य करून रेट पाडता येतो, पण ह्या प्रश्नाच्या उत्तरात दोन्ही एकदम येतात, लपायला जागा नाही राहत.

दुसरी पायरी, त्याच मिनिटाला डॉलर-रुपयाचा रेट बघून ३.६७२५ ने भागा आणि लिहून ठेवा. सकाळी बघितलेला रेट आणि संध्याकाळी पाठवलेले पैसे अशी तुलना करू नका, दिवसभरात रुपया डॉलरमागे दहा-वीस पैसे सहज हलतो आणि मग बाजाराची हालचाल कुठली आणि दुकानाचं मार्जिन कुठलं हे वेगळं काढता येत नाही.

तिसरी पायरी, हिशोब. ३००० गुणिले २४ म्हणजे ७२,००० रुपये. हा झाला कोणीच काही घेतलं नसतं तर मिळाला असता तो आकडा. आता दोन दुकानं बघू.

पहिल्या दुकानात रेट २३.८५, फी २० दिरहम आणि त्यावर ५ टक्के व्हॅट १ दिरहम, म्हणजे २१. हातचे ३००० गेले त्यातले २९७९ रुपयांत बदलले, गुणिले २३.८५, खात्यात आले ७१,०४९ रुपये. ७२,००० मधून वजा केले तर खरा खर्च ९५१ रुपये, म्हणजे १.३ टक्के. ह्यातले साधारण ५०० रुपये फीचे आणि बाकीचे साडेचारशे रेटमधले. स्लिपवर मात्र फक्त २१ दिरहम दिसतात, साडेचारशे रुपये कुठेच छापलेले नसतात, आणि व्हॅट पण फक्त दिसणाऱ्या फीवर लागतो.

दुसऱ्या दुकानाचा बोर्ड आहे "झीरो फी", रेट २३.५५. ३००० गुणिले २३.५५ म्हणजे ७०,६५०. खर्च १,३५० रुपये, जवळपास १.९ टक्के. म्हणजे जिथे फीच नाही तिथे चारशे रुपये जास्त गेले. खेडच्या पोराला हे दाखवल्यावर तो म्हणाला मग झीरो फीवाल्याकडे जायचंच नाही, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात म्हणून थोडं थांबून सांगतो.

ह्या उदाहरणात फी ठरलेली धरलीय, तुम्ही ५०० पाठवा नाहीतर ५,०००, ते २१ दिरहम तेवढेच. रेटमधलं मार्जिन मात्र दर दिरहमला लागतं, रक्कम वाढली की ते पण वाढतं. आता तोच पोरगा बहिणीला फक्त ५०० दिरहम पाठवतोय असं धरा. पहिल्या दुकानात ४७९ गुणिले २३.८५ म्हणजे ११,४२४ रुपये, झीरो फीवाल्याकडे ५०० गुणिले २३.५५ म्हणजे ११,७७५. मिडने १२,००० झाले असते, म्हणजे "चांगल्या" रेटच्या दुकानात ४.८ टक्के गेले आणि वाईट रेटच्या दुकानात तेच १.९. पूर्ण उलटं झालं!

मग कुठल्या रकमेला पारडं फिरतं? फीचे रुपये काढा, २१ गुणिले २३.८५ म्हणजे ५०१ रुपये, आणि त्याला दोन रेटच्या फरकाने भागा, म्हणजे ३० पैशांनी, ०.३० ने. उत्तर येतं १,६७० दिरहम. त्याच्या खाली पाठवायचे असतील तर झीरो फी, त्याच्या वर असतील तर फीवाला. तुमच्या दोन दुकानांचे आकडे वेगळे असतील पण हा भागाकार एकदा करून ठेवला की महिनाभर तरी पुरतो, कारण रोज बाजार हलला तरी त्या दोघांमधला फरक सहसा तेवढाच राहतो.

आणि जे लोक आज १,०००, दहा तारखेला १,०००, वीसला १,००० असे तुकडे करून पाठवतात ते फी तीनदा भरतात, ६३ दिरहम, एकदाच पाठवले असते तर २१. ते वरचे ४२ दिरहम म्हणजे हजार रुपये, एका महिन्यात. घरी खरंच तुकड्यात पैसे लागत असतील तर तुकडे झीरो फीवाल्याकडून पाठवा.

चौथी पायरी, स्लिपवर विश्वास ठेवा पण पासबुक बघा. घरून मेसेजचा फोटो मागवा आणि स्लिपवरचे रुपये आणि खात्यात पडलेले रुपये सारखे आहेत का बघा. रुपयांच्या साठ्यातून आलेले असतील तर पूर्ण रक्कम पडते, एक रुपया पण कमी व्हायचं कारण नाही. कमी पडले असतील तर पैसे दुसऱ्या रस्त्याने गेलेत, तो रस्ता खाली सांगतो.

हिशोब ठेवायला मी मोबाईलवर एक साधी शीट केलीय. पहिल्या कॉलममध्ये तारीख, दुसऱ्यात हातचे गेलेले एकूण दिरहम, तिसऱ्यात त्या मिनिटाचा मिड रेट, चौथ्यात खात्यात पडलेले रुपये, आणि पाचव्यात हा फॉर्म्युला टाका:

```
=(B2*C2-D2)/(B2*C2)*100
```

उत्तर टक्क्यात येतं. माझा स्वतःचा आकडा हल्ली एक ते दीडच्या मध्ये असतो, तो दोनच्या वर गेला की मी रस्ता बदलतो. जागतिक बँक पण पैसे पाठवायचा खर्च असाच मोजते, फी अधिक रेटमधलं मार्जिन, आणि २०० डॉलर पाठवायला जगभरात सरासरी ६ टक्क्यांच्या वर जातात, संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत तो ३ च्या खाली आणायचं ठरवलंय. गल्फहून भारतात पाठवणारे आपण त्या मानाने खूप बरे, एक कारण म्हणजे ह्या रस्त्यावर माणसं भरपूर आणि दुकानं पण भरपूर, एकमेकांशी स्पर्धा करावीच लागते.

बँकेतून डॉलर करून पाठवले तर

हा तो दुसरा रस्ता. काही लोकांना वाटतं एक्स्चेंजपेक्षा बँक भारी, थेट बँकेतून बँकेत ट्रान्सफर करू. माझ्या एका सहकाऱ्याने असेच पाठवले, आणि घरी अपेक्षेपेक्षा साडेतीन हजार कमी पडले, तो दोन दिवस इथल्या बँकेला फोन करत होता आणि ती म्हणत होती आम्ही पूर्ण पाठवले. आणि ते खरं पण होतं! ह्यात कोण किती घेतं ते उलगडून बघा, आकडे पुन्हा समजुतीसाठी, तेच ३००० दिरहम.

बँकेची ट्रान्सफर फी धरा ५० दिरहम अधिक व्हॅट, ५२.५० गेले, राहिले २,९४७.५०. आता दिरहमचे डॉलर करताना बँक ३.६७२५ ने नाही देत, समजा ३.६८५ ने देते, दिसायला काहीच फरक नाही पण डॉलर झाले ७९९.८६. हे डॉलर स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आपसातल्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून निघाले, वाटेत मधली एक बँक असते जिच्याशी तुमचा काही संबंध नाही, तिने स्वतःचे १५ डॉलर कापून घेतले, राहिले ७८४.८६. भारतातल्या बँकेत पोचल्यावर ती ह्याचे रुपये करते तिच्या टीटी बाइंग रेटने, म्हणजे बाहेरून आलेले डॉलर विकत घ्यायच्या तिच्या भावाने. बाजारात डॉलर ८८.१४ असताना तो रेट समजा ८७.४० आहे. झाले ६८,५९७ रुपये. आणि चलन बदललं भारतात, म्हणून त्यावर जीएसटी. हा जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो, एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का ही सेवेची किंमत धरतात, कमीत कमी २५०, आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे इथे १२३ रुपये. शेवटी खात्यात ६८,४७३.

७२,००० मधून वजा केले तर ३,५२७ रुपये, जवळपास ५ टक्के. आणि बघा, ह्यात कोणीच मोठा हात मारलेला नाही, चौघांनी थोडं थोडं घेतलं, दोनदा चलन बदललं आणि दोन्हीदा मार्जिन लागलं. एक्स्चेंजच्या रस्त्यात रुपये आधीच झालेले असतात म्हणून भारतात पुन्हा बदलायचे नसतात, तो चलनबदलाचा जीएसटी पण नसतो.

तरी स्विफ्टने पाठवायचंच असेल तर दोन गोष्टी आधी विचारा. एक, मधल्या बँकेचे चार्जेस कोण भरणार. फॉर्मवर त्याचा पर्याय असतो, तिन्ही पर्याय वाचा, सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे असा पर्याय घेतला तर इथे जास्त भराल पण वाटेत सहसा काही कापलं जात नाही. दोन, इथेच रुपये करून पाठवता का. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये भारतासाठी वेगळी सेवा असते ज्यात इथेच रुपयांचा रेट लॉक होतो, ती एक्स्चेंजसारखीच चालते, मग तिची तुलना वरच्या पद्धतीने करा.

रक्कम मोठी असेल तेव्हा

घर बांधायला, गावाला जागा घ्यायला लाख-लाख दिरहम एकदम जातात, तेव्हा फी विसरून जा. लाख दिरहमवर २१ दिरहम म्हणजे काहीच नाही, पण १५ पैशांचं मार्जिन म्हणजे १५,००० रुपये. बोर्डावरचा रेट हा तीन-चार हजारवाल्या गिऱ्हाईकाचा असतो, मोठ्या रकमेला काउंटरवरचा माणूस ब्रँच मॅनेजरला विचारून वेगळा रेट देऊ शकतो, पण तुम्ही मागितला तरच. आधी दोन ठिकाणी फोन करा, तिसऱ्या ठिकाणी स्पष्ट सांगा की अमुक रक्कम आहे, मिड इतका चाललाय, तुम्ही किती द्याल. मिड सांगितला की समोरच्याला कळतं हा माणूस मोजून आलाय. ५ पैसे वाढवून मिळाले तरी लाखावर ५,००० रुपये, आमच्या गावात तेवढ्यात गवंड्याचे काही दिवस निघतात. मोठ्या रकमेला पगाराची स्लिप किंवा पैसा कुठून आला त्याचा कागद मागतात, तो घेऊनच जा, नाहीतर ठरलेला रेट कागद आणेपर्यंत टिकत नाही.

ह्याच वेळी कोणीतरी कानात सांगतं की अमक्याकडे हुंडीने पाठव, मिडपेक्षा पण वरचा रेट देतो. मिडच्या वरचा रेट सरळ धंद्यात परवडूच शकत नाही, ज्याला बाजारातून रुपये घ्यायचे आहेत तो तोट्यात विकणार नाही, म्हणजे त्याच्याकडचे रुपये दुसऱ्याच कुठल्या कारणाने आलेले असतात. फेमा कायद्यात हे बसत नाही, तुमच्या हातात पावती नसते, आणि उद्या जागेच्या खरेदीला पैसा कुठून आला विचारलं तर दाखवायला काही नाही. ॲपवाल्यांच्या पहिल्या ट्रान्सफरच्या ऑफरमध्ये मिडएवढा रेट मिळतो तो वेगळा प्रकार, तो जाहिरातीचा खर्च असतो, तो जरूर घ्या, फक्त ती ऑफर किती रकमेपर्यंत आहे ते बघा आणि दुसऱ्या वेळेला पुन्हा मोजा.

दिवस कुठला निवडायचा आणि पैसे परत आले तर

शनिवार-रविवारी भारतातला चलन बाजार बंद असतो, गूगल शुक्रवारचा शेवटचा आकडा दाखवत राहतं. एक्स्चेंज मात्र उघडं असतं आणि सोमवारी रुपया कुठे उघडेल हे त्याला माहीत नसतं, म्हणून काही जण ह्या दोन दिवसांत मार्जिन थोडं वाढवून ठेवतात. आपल्याला सुट्टी तेव्हाच असते हे खरं आहे, पण ॲपवरून पाठवत असाल तर मंगळवार-बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाठवून बघा आणि शीटमध्ये टक्के लावा, तुमच्या दुकानाचा फरक तुम्हालाच दिसेल. माझ्या शीटमध्ये शनिवारचे टक्के बऱ्याचदा थोडे जास्त आलेत.

आता परत येणाऱ्या पैशांचं सांगतो कारण हे मी स्वतः भोगलंय. गावाकडची आमची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली आणि शाखेचा आयएफएससी कोड बदलला, मी मात्र ॲपमध्ये सेव्ह केलेल्या जुन्याच नावावर टिचकी मारून पैसे पाठवले. जुना कोड काही दिवस चालतो, नंतर बंद होतो, आणि माझा ट्रान्सफर त्या नंतरच्या दिवसांत गेला. आईचा फोन, "अरे पैसे नाही आले, बँकेत जाऊन बसले तासभर." आठवड्याने एक्स्चेंजचा मेसेज आला की पैसे परत आलेत, येऊन घेऊन जा. मी गेलो तर ३००० ऐवजी २,९४२ दिरहम हातात ठेवले.

मला वाटलं फी कापली असेल, पण फी २१ आणि कमी आले ५८. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं. जाताना त्यांनी मला रुपये विकले २३.८५ ने, मिडच्या १५ पैसे खाली. परत आले ते रुपये होते, ७१,०४९, आणि आता ते माझ्याकडून रुपये विकत घेत होते, म्हणजे सोनं मोडायचा भाव. तो होता २४.१५, मिडच्या १५ पैसे वर. ७१,०४९ भागिले २४.१५ म्हणजे २,९४२. बाजार आठवडाभरात जागचा हलला नव्हता तरी स्प्रेड दोन्ही बाजूंनी लागला, आणि फी परत मिळत नाही ती गेलीच. त्या दिवशी मला स्प्रेड खरा समजला, वाचून नाही.

म्हणून नवीन खात्यावर किंवा बऱ्याच दिवसांनी जुन्या खात्यावर पाठवताना आधी घरून पासबुकच्या पहिल्या पानाचा ताजा फोटो मागवा, कोड आणि नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा, आडनाव आधी असेल तर तसंच. मोठी रक्कम असेल तर आधी झीरो फीवाल्याकडून शंभर दिरहम पाठवून बघा, ते पडले की मग बाकीचे. आणि चुकून पाठवले गेलेच तर पैसे परत मागण्याआधी एक्स्चेंजला विचारा की रुपये अजून त्यांच्या भारतातल्या खात्यात आहेत का. असतील तर कॅन्सल न करता फक्त खात्याचा तपशील सुधारून तेच रुपये पुन्हा पाठवायला सांगा. ह्याला दुरुस्तीची थोडी फी लागू शकते, पण रुपये रुपयेच राहतात, स्प्रेड दुसऱ्यांदा लागत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. खेडच्या पोराकडून मात्र पहिल्याच वेळेला नाव चुकलं होतं, वडिलांचं नाव मधे घालायचं राहिलं, त्याला मी हेच सांगायला लावलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी पूर्ण रक्कम पडली.